शेऱ्याचा रकाना

माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या नेमणुकीची पत्रं टाईप करण्यात गेलं. आधी तिरोड्याला कोर्टासमोर टाईपरायटर घेऊन बसायचो, आता बोदलकशाला एका वन्यजीव संस्थेच्या ऑफिसात संगणकासमोर बसतो. माणूस रुजू होताना कसा दिसतो आणि मुदत संपल्यावर प्रमाणपत्राची घडी करून जाताना कसा दिसतो, हे मला पाठ आहे. त्यामुळे योगेश्वरी टेंभरे फेब्रुवारीच्या एक तारखेला दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी लगेच ताडलं, ही पोरगी सहा महिन्यांनी सुखासुखी जाणार नाही.

तिनं चपला काढल्या, दोन्ही भिंतीला लावून सरळ ठेवल्या आणि मग बाजूच्या सगळ्यांच्या चपलाही सरळ केल्या. तेवीस वर्षांची, प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली, तिरोड्याजवळच्या पोवार समाजाच्या एका गावची. बाप कुंजीलाल धानाची शेती करणारा, साधा माणूस. पोरीनं जंगलात पायपीट करायची म्हणजे काय, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यानं तिरोड्याच्या एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर तिची जागा ठरवून ठेवली होती, एक ऑगस्टपासून. इथली मुदत एकतीस जुलैला संपत होती. इथं कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर काचेमागं उभं राहून मोबाईलची कव्हरं विकायची, असा तो करार होता. तो करार ती मला हसत हसत सांगायची, पण जुलै लागला आणि तिचं हसणं आटलं.

आमचं काम सांगतो. नागझिरा अभयारण्याबाहेरच्या जंगलात, गावांच्या कडेनं आम्ही झाडाला कॅमेरे बांधतो. समोरून काहीही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि फोटोवर तारीख-वेळ उमटवतो. वाघ, अस्वल, रानकुत्रे, रानडुकरं, सगळे येतात. माणसंही येतात, कारण जंगल त्यांचंही आहे. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत तर जनावरांपेक्षा माणसंच जास्त. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, फक्त किती आले ते मोजायचं, अहवाल झाला की फोटो पुसून टाकायचे आणि बाहेर कुणाला दाखवायचे नाहीत, हा संस्थेचा नियम. गावाला तोच शब्द दिलेला आहे.

दर पंधरा दिवसांनी जाऊन कार्ड बदलायचं आणि एक कागद भरायचा. कॅमेऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, बॅटरी आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. काही बिघडलं, चुकलं, हललं, तर तिथं लिहायचं. आमचे मॅनेजर देवानंद कापगते अर्जुनी मोरगावचे, मोजकं बोलणारे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, चूक करा पण शेऱ्यात लिहा. ऐकायला फार छान. आदल्या वर्षीच्या भुपेंद्र नावाच्या इंटर्ननं ते खरं मानलं आणि आठवडाभर कॅमेरा बंदच राहिल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं. सरांनी त्याला सगळ्यांसमोर असा झापला की पोरगा जेवायलाही थांबला नाही. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात शेऱ्याचा रकाना स्वच्छ पांढरा राहू लागला. सरांना वाटायचं, काम सुधारलं. मी काही बोललो नाही. माझं काम पत्रं टाईप करायचं.

आता त्या दुपारचं. जुलैचा दुसरा आठवडा, गावात धानाची रोवणी सुरू होती, सगळी माणसं बांधीतल्या चिखलात वाकलेली. सर बाहेर होते, योगेश्वरी तिरोड्याला गेली होती. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. नंदलाल म्हणजे आमचा फील्ड असिस्टंट, कॅमेरे बांधायला जंगलात नेणारा, याच गावचा. तो योगेश्वरीच्या संगणकावर रानकुत्र्याचा एक फोटो शोधत बसला होता. थोड्या वेळानं त्यानं मला हाक मारली नाही, तो नुसता उठून माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचं तोंड पाहून मी चष्मा लावला.

सतरा नंबरचा कॅमेरा गावाबाहेरच्या नाल्यावर, एका मोहाच्या झाडासमोर बांधलेला होता. पडद्यावर त्याचे फोटो तारखेनुसार ओळीनं लागले होते. मे महिन्याची सतरा तारीख, पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चाललेली. अंधारातला फोटो, त्यामुळे लुगडं पांढरंफटक आणि डोळे चकाकणारे. ती मान वळवून मागं पाहत होती.

"रुख्माकाकी व्हय," नंदलाल म्हणाला.

मी म्हटलं, असेल, मग? तेवढं बोलून झालं आणि मला आठवलं. रुख्मा अठरा एप्रिलला गेली होती. मोह वेचताना पाचोळ्यात हात घातला आणि साप चावला. गाडी येईपर्यंत तिनं झाडाखालीच प्राण सोडला. तिच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो. आणि इथं ती सतरा मेला चालत होती, नाकात नथनी, डोक्यावर टोपली, जिवंत माणसासारखी.

नंदलालनं पुढचा फोटो उघडला. तीच तारीख, पाच वाजून सव्वीस मिनिटं. तीच वाट. आता तिच्या नवऱ्याचा फोटो. मनिराम, काठी टेकत, खांद्यावर टॉवेल. बायको पुढं, नवरा सहा मिनिटं मागं.

आम्ही मागं मागं जात राहिलो. सोळा मे, ती पुढं, तो मागं. चौदा मे, तसंच. बारा, दहा, नऊ. कधी पाच मिनिटांचं अंतर, कधी वीस. एकाही फोटोत दोघं सोबत नाहीत, पण एकही दिवस असा नाही की ती गेली आणि तो मागून गेला नाही. आणि एक गोष्ट मीच आधी पाहिली, ती पाहिली नसती तर बरं झालं असतं. तिच्या फोटोत मोहाचं झाड निष्पर्ण होतं, नुसत्या उघड्या फांद्या. त्याच्या फोटोत तेच झाड पानांनी भरलेलं. सहा मिनिटांत झाडाला पालवी फुटलेली, दुसऱ्या दिवशी ती आली की पुन्हा गळालेली.

"थे चालली का झाडबी वाळते," नंदलाल हळूच म्हणाला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. लोक घाबरले की मी हसतो, अशी माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी मी हसलो नाही, संगणक बंद करून टाकला आणि दार उघडं टाकून बसलो. नंदलालला बजावलं की कुणाला सांगू नकोस. आमच्याकडं कुणाला सांगू नकोस म्हणणं म्हणजे दवंडी द्यायला ढोल हातात देणं. रुख्माचं घर नंदलालच्या घराला लागून. संध्याकाळपर्यंत मनिरामला कळलं होतं.

मला वाटलं होतं म्हातारा भिईल, मांत्रिक शोधेल. तसलं काही झालं नाही. नंदलाल सांगत होता, दुसऱ्या दिवशी मनिरामनं अंगण झाडलं, दाढी केली आणि पहाटे उठून नाल्याकडं गेला. सोबत डबा, त्यात भात आणि भाजी, दोन जणांना पुरेल इतकं. मे महिना सरता सरता त्यानं जाणं सोडलं होतं, आता पुन्हा सुरू केलं. पाऊस असो, चिखल असो. रोवणीला जाणाऱ्या बाया सांगत, वाटेत कुणाशी तरी बोलल्यासारखा चालतो, आणि थांबतो तेही पुढचं माणूस थांबल्यासारखं.

योगेश्वरी परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं संगणक लावला, ते फोटो पाहिले आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. घाबरली असावी असं मला वाटलं. मी म्हटलं, पोरी, बाहेर ये, चहा घे. ती म्हणाली, नको. त्यानंतर तीन दिवस तिनं चपला सरळ ठेवल्या नाहीत. माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही. या वयातही माणूस ओळखता येत नाही, मग इतकी पत्रं टाईप करून उपयोग काय.

त्या तीन दिवसांत ऑफिसची हवाच बदलली. सतरा नंबरचा कॅमेरा जूनमध्येच काढून आणून कपाटात ठेवला होता, नंदलाल त्या कपाटाला पाठ करून बसेना. एकदा वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू झाला तर पडद्यावर आपोआप तोच फोटो उघडला, मान वळवून पाहणारी रुख्मा. वीज जाताना जे उघडं असतं तेच परत उघडतं, हे मला कळतं. तरी मी पडद्यावर टॉवेल टाकला.

चौथ्या दिवशी, सोमवारी, सर सकाळी आले तेच कपाळाला आठ्या घालून. वनरक्षकानं त्यांना वाटेत गाठून सांगितलं होतं. नाल्याच्या अंगाला दोन पिलांची अस्वलीण फिरत होती आणि तुमच्या गावचा एक म्हातारा रोज पहाटे अंधारात नेमका तिथंच जातो, सांगितलं तरी ऐकत नाही, त्याला समजवा. पिलंवाली अस्वलीण म्हणजे काय हे आमच्याकडं लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. सरांनी नंदलालला विचारलं आणि नंदलालनं फोटोंचं सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं, नाक खाजवलं आणि म्हणाले की जेवण झाल्यावर ते फोटो पाहू.

योगेश्वरीनं सरांकडं वेळ मागितली होती ती नेमकी त्याच दिवसाची, अकरा वाजताची. सरांची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये पडदा आहे, दार नाही. मी कान लावला असं म्हणणार नाही. कान होते तिथंच होते.

तिनं आधी मुद्द्याचंच विचारलं.

"सर, एकतीस तारखेनंतर मले इथं पूर्ण वेळ काम मिळू शकते का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं, मॅनेजरनं असं सरळ सांगावं. फील्ड रिसर्चरची एक जागा नागपूरच्या मुख्य ऑफिसनं मंजूर केली होती, एका वर्षाच्या कराराची, पुढं वाढू शकणारी. नेमणूक त्यांच्या हातात नव्हती, शिफारस होती. आत काम केलेल्या इंटर्नला पहिली संधी, पण मुलाखत नागपूरला द्यावीच लागणार. त्यांना बावीस तारखेपर्यंत शिफारस पाठवायची होती आणि सोबत चाळीसही कॅमेऱ्यांच्या नोंदी तपासून, चुकांच्या यादीसकट द्यायच्या होत्या. तिचं काम त्यांना आवडलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. आजवर त्यांनी कुणाला असं तोंडावर सांगितल्याचं मला आठवत नाही. मी इकडं मनातल्या मनात पत्राचा मजकूर जुळवायला लागलो.

तिनं थँक्यू म्हणून उठायचं होतं. ती उठली नाही. पडद्याच्या फटीतून मला तिचा हात दिसत होता, खुर्चीची कड घट्ट धरलेला.

ती म्हणाली, सतरा नंबरची चूक माझी आहे.

मग तिनं सांगितलं. पाच एप्रिलला तिनं पहिल्यांदा एकटीनं कॅमेरा बांधला, नंदलाल खाली नाल्यात पाणी पाहायला गेला होता. आपण आधी तारीख लिहितो, मग महिना. तो कॅमेरा आधी महिना घेतो, मग तारीख. तिनं आपल्या सवयीनं आधी पाच टाकला आणि मग चार. कॅमेऱ्यानं धरलं मे महिन्याची चार तारीख. पडद्यावर ०५/०४ दिसलं, कॅमेऱ्यासमोर तारीख लिहून धरायच्या पाटीवरही ०५/०४, जुळलं म्हणून ती खूश होऊन निघाली. कॅमेरा एकोणतीस दिवस पुढं गेला. वीस एप्रिलला कार्ड बदलायला गेली तेव्हा ०५/१९ पाहिलं आणि तिला चूक कळली. तिनं घड्याळ नीट केलं, कार्ड बदललं, कागद भरला आणि शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला.

म्हणजे रुख्माचे ते सगळे फोटो एप्रिलचे होते. सतरा मेचा फोटो अठरा एप्रिलचा होता, तिच्या शेवटच्या पहाटेचा. मनिरामचे मात्र खरोखर मे महिन्यातले. एप्रिलात मोहाची पानं गळून फक्त फुलं असतात, मे महिन्यात पालवी येते. झाड आपल्या जागी बरोबर होतं. आम्हीच दोन महिने एकावर एक ठेवून पाहत होतो.

मी खुर्चीत मागं टेकलो. भीती उतरली म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मग सरांचा आवाज आला, वाढलेला नव्हता. ते म्हणाले की एकोणतीस दिवस वजा करायला अर्धा तास लागतो. दोन ओळी लिहिल्या असत्या तर ही चूक चूकही राहिली नसती. तिनं ती तीन महिने लपवली, आणि हे चार दिवस, म्हातारा कुठं जातो हे कळल्यावरही लपवली. का?

"भुपेंद्रनं लिहिलं होतं, सर," ती म्हणाली.

एवढंच. मी टाईप करायचं सोंग करत होतो, ते थांबवलं. त्या पोरीनं नोकरी मागायला जाऊन, नोकरी हातात येत असताना, मॅनेजरच्या तोंडावर त्याचीच चूक ठेवली होती. मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. वय झालं की असं होतं.

शेवटी सर म्हणाले, "आधी मनिरामकडं जा आन् तुझ्या तोंडानं सांग. नोकरीचं मंग पाहू."

मी सोबत गेलो. तिनं बोलावलं नव्हतं, पण एकटी कशी सोडायची. मनिराम अंगणात खाटेवर बसला होता. चुलीपाशी दोन थाळ्या धुऊन उपड्या ठेवलेल्या. दाढी केलेली, डोक्याला तेल. एप्रिलपासून त्याला इतका टवटवीत मी पाहिला नव्हता, आणि त्याला पाहून माझ्या अंगावर त्या फोटोंपेक्षा जास्त काटा आला. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं आणि घरात पाहून, पाणी आण, असं म्हटलं. घरात कुणीही नव्हतं. योगेश्वरी स्वतः उठली आणि माठातून पाणी घेऊन आली.

तिनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, मशीनवर ढकललं नाही. तारीख मी चुकीची टाकली बाबा, मीच गुपचूप दुरुस्त केली, काकी आपल्या वेळेला गेली तेव्हाचेच फोटो आहेत. ती तिथं नाही, तुम्ही पहाटे जाऊ नका, अस्वलीण आहे. मनिराम ऐकत होता. मधे त्यानं एकदा विचारलं की झाडाचं काय, तर तिनं झाडाचंही समजावलं. शिकलेल्या पोरी काही गोष्टी फार नीट समजावतात.

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू मावळत गेला. आमच्या डोळ्यांसमोर त्याची बायको दुसऱ्यांदा मेली.

"मंग मी एकटाच चालून राह्यलो होतो का?" त्यानं विचारलं.

योगेश्वरीनं होकाराची मान हलवली. त्यानंतर तो जे बोलला ते मला वाटलं होतं तसं रडून नाही, शेतातला हिशोब सांगावा तसं बोलला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, रुख्मा दर साली मोहाला चला म्हणायची. अंधाराची भीती वाटायची तिला. हा म्हणायचा, तू हो पुढं, मी येतो. आणि कूस बदलून झोपायचा. चौतीस सालांत एकदाही गेला नाही. ती गेल्यावर मात्र रोज गेला. नंदलालनं फोटोंचं सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, उशिरा का होईना, पण आपण तिच्या मागं गेलो आणि तिला ते कळलं.

परत येताना योगेश्वरी तळ्याच्या पाळीवर थांबली आणि म्हणाली, गुलाबभाऊ, सांगायला नको होतं का? मी म्हटलं, अस्वलिणीनं फाडला असता तर? ती म्हणाली, हो. पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

मनिराम दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठेनासा झाला. दाढीही वाढली.

सरांनी एकवीस तारखेला मला शिफारशीचं पत्र सांगितलं. मी टाईप करत गेलो. काम उत्तम, मेहनती, जंगलाची जाण. मग त्यांनी सांगितलं, लिहा, सतरा नंबरच्या कॅमेऱ्याची तारीख चुकवली आणि तीन महिने सांगितलं नाही. मी बोटं थांबवली. म्हटलं, सर, शिफारस लिहून राहिलो का तक्रार? ते म्हणाले, पुढं लिहा, मुदत संपत असताना, जागा हातात येत असताना, विचारलं नसताना तिनं स्वतः सांगितलं. त्याच्या खाली लिहा, या ऑफिसात चुका लिहिल्या जात नव्हत्या याला कारण मी आहे. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून पाहिलं आणि तसंच ठेवलं. मी चाळीस वर्षं पत्रं टाईप करतोय, असं वाक्य मॅनेजरच्या पत्रात कधी आलं नव्हतं.

पत्र मेलनं गेलं, मुलाखतही झाली. योगेश्वरी नागपूरहून आली तेव्हा विचारलं तर म्हणाली, सगळे प्रश्न सतरा नंबरचेच होते.

एकतीस जुलै उजाडला. नागपूरचं उत्तर आलेलं नव्हतं. मी एका बाजूला तिचं मुदत संपल्याचं प्रमाणपत्र छापून ठेवलं होतं. तिच्याकडं शेवटचं काम राहिलं होतं ते माणसांचे फोटो पुसण्याचं. मोजणी झाली होती, अहवाल झाला होता, सतरा नंबरच्या तारखा दुरुस्त करून रुख्मा एप्रिलात परत गेली होती.

साडेदहाला मनिराम दारात आला. धोतर भिजलेलं, काठीला चिखल. त्यानं सरांना नमस्कार केला आणि म्हणाला की फोटो पुसणार असं ऐकलं. एकदा पाहायचे आहेत. सर म्हणाले, नियमात बसत नाही, पण घरच्या माणसाला त्याच्याच घरच्या माणसाचा फोटो या खोलीत दाखवायला हरकत नाही. योगेश्वरीनं एप्रिलचे फोटो उघडले. म्हाताऱ्यानं पाहिलं, एक, दोन, तीन. रुख्मा एकटी, रुख्मा एकटी.

"असे नाई," तो म्हणाला. "पयले होते तसे."

पहिल्यासारखे म्हणजे चुकीच्या तारखांचे. तिनं सगळ्या नोंदीत जी चूक शोधून, मान्य करून, दुरुस्त करून दिली होती तीच पुन्हा करायची, तीही मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मॅनेजरसमोर, नेमणूक नागपूरला टेबलावर पडलेली असताना. योगेश्वरीनं सरांकडं पाहिलं. सर तिच्याकडं पाहत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, बाहेरही गेले नाहीत.

तिनं एकोणतीस दिवस पुढं ढकलले.

ओळ पुन्हा जुळली. ती पुढं, तो मागं. उघडं झाड, भरलेलं झाड, उघडं, भरलेलं. मला सगळं ठाऊक होतं, कसं घडलं ते तोंडपाठ होतं, तरी मानेवरचे केस उभे राहिले. मनिराम खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसला. सतरा मेचा फोटो आला, मान वळवून मागं पाहणारी. त्या पहाटे तिच्या मागं कुणीही नव्हतं, हे आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती कुणाकडं पाहत होती, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मनिरामनं पडद्यावर बोट ठेवलं. "घरून निघतानाबी रोजच पाह्ये थे असं," तो म्हणाला. "मी येतो का म्हून."

मग योगेश्वरीनं पुढचा फोटो लावला, पाच सव्वीसचा, आणि तो आला.

तो दहा मिनिटं बसला असेल. उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आता पुसून टाक म्हणाला. काठी टेकत पावसात निघून गेला. दारातून तो जाताना नंदलाल त्याच्या पुढच्या मोकळ्या वाटेकडं पाहत होता, आणि मीही पाहिलं.

योगेश्वरीनं तारखा परत एप्रिलवर आणल्या आणि दोनदा तपासल्या. माणसांचा फोल्डर पुसला. मग तिनं सतरा नंबरचा कागद मागवला आणि शेऱ्याच्या रकान्यात पेनानं लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. "३१ जुलै, सकाळी १०:४० ते १०:५०. तारखा मुद्दाम २९ दिवस पुढे केल्या. श्री. मनिराम यांना दाखवण्यासाठी. पुन्हा दुरुस्त केल्या, तपासल्या. यो. टेंभरे."

तिनं तो कागद सरांपुढं ठेवला. सरांनी सावकाश वाचला. पेन काढला, तिच्या सहीखाली सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

म्हणाले, "याची एक प्रत आताच नागपूरला पाठवा. त्यायले हे वाचून नेमू द्या, नाई त राहू द्या."

नागपूरचं उत्तर तीन ऑगस्टला आलं. तोपर्यंत ती दोन दिवस मोबाईलच्या दुकानात उभी राहून आली होती. नेमणुकीचं पत्र मी टाईप केलं, आणि रुजू होण्याची तारीख आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिली, महिन्याच्या नावासकट.